आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना: औषधे आणि कीटकनाशके हाताबाहेर कशी ठेवायची

हा लेख मानसोपचार विभागात, तातडीच्या विभागात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने काम करू लागलेल्या डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशकांसाठी आहे. आत्महत्येचे विचार असलेला रुग्ण घरी जायला निघतो, तेव्हा घरच्यांना बहुतेक वेळा एवढेच सांगितले जाते: ‘लक्ष ठेवा, एकटं सोडू नका.’ घरचे मान डोलावतात आणि घरी गेल्यावर नेमके काय करायचे ते कुणालाच ठाऊक नसते. चोवीस तास पहारा कोणतेही कुटुंब देऊ शकत नाही, पण एक बाटली घराबाहेर नेणे आणि एका पेटीला कुलूप लावणे प्रत्येकाला जमते. त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटांचे संभाषण लागते, आणि त्याच्या शेवटी कोण, काय, कुठे आणि कधीपर्यंत या चारही प्रश्नांची उत्तरे कागदावर असायला हवीत.

आधी रुग्णाशी, मग घरच्यांशी

डिस्चार्जचे कागद तयार झाल्यावर, रिक्षा दारात उभी असताना हा विषय काढू नका. शक्यतो आदल्या दिवशी बोला. बाह्यरुग्ण विभागात असाल तर त्याच भेटीत बोला, पण नातेवाइकाला बसवून आणि दार लावून.

पहिली काही मिनिटे रुग्णाशी एकट्याने बोला. थेट विचारा: ‘मरावंसं वाटलं तेव्हा कशाने जीव द्यायचा असं मनात आलं होतं? ते घरात आहे का? तुमच्या हाताशी येतं का?’ अशा विचारण्याने नवी कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वागवलेली गोष्ट बोलायला वाट मिळते. रुग्णाने सांगितलेल्या साधनापासून घरच्यांशी बोलणे सुरू करायचे, पण तिथेच थांबायचे नाही. एक मार्ग ठरलेला असला तरी ऐन वेळी हात जातो तो बहुधा जवळ जे असेल त्याकडे.

मग संमती घ्या. ‘घरातल्या काही वस्तू थोड्या दिवसांसाठी दूर ठेवाव्यात असं मी तुमच्या आई-वडिलांना सांगणार आहे. ही शिक्षा नाही. त्रास सर्वांत जास्त असेल त्या वेळी तुमच्यात आणि त्या वस्तूत अंतर असावं, एवढंच हवं आहे. तुम्ही समोर बसलात तर बरं होईल.’ असे विचारले की बहुतेक रुग्ण हो म्हणतात. काही जण तर स्वतःच सांगतात की अमुक वस्तू घरातून काढा. रुग्ण नाही म्हणाला आणि धोका गंभीर असला, तर तुमच्याकडच्या कायद्यात आणि नियमांत बसेल तेवढीच, जीव वाचवण्यापुरती माहिती घरच्यांना द्या, आणि तसे करत असल्याचे रुग्णालाही सांगा.

‘ठरवलंच असेल तर दुसरा मार्ग शोधेल’

घरच्यांचा हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक वेळी येतो, आणि तो मनापासून असतो. याचे उत्तर तुमच्याकडे तयार नसेल तर पुढचे सगळे पोकळ सूचनांसारखे वाटते.

आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुतेक वेळा थोडा वेळ टिकते. जिवावर बेतलेल्या प्रयत्नातून वाचलेल्या १३ ते ३४ वयोगटातल्या लोकांचा एक अभ्यास २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे चौथा हिस्सा लोकांनी सांगितले की ठरवणे आणि कृती यांत पाच मिनिटेही गेली नव्हती. त्या पाच मिनिटांत वस्तू हाताशी नसली तर ऊर्मी ओसरायला, कुणीतरी दिसायला, फोन करायला वेळ मिळतो. आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

श्रीलंकेचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. तिथे १९९५ आणि १९९८ मध्ये सर्वांत घातक कीटकनाशकांवर बंधने आली. २००५ पर्यंत आत्महत्यांचे एकूण प्रमाण १९९५ च्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. लोक सरसकट दुसऱ्या मार्गाकडे वळले असते तर एकूण आकडा असा खाली आला नसता.

घरच्यांना हे सगळे ऐकवत बसू नका. दोन वाक्ये पुरतात: ‘ही लाट येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत जीव घेणारी वस्तू हाताला लागू नये, एवढंच आपण करतो आहोत.’

यादी: प्रश्न बारीक हवेत

‘घरात काही विषारी आहे का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येते. रोज वापरातली वस्तू कुणाला विषारी वाटत नाही. म्हणून नाव घेऊन आणि जागा घेऊन विचारा. फवारणीची औषधे, तणनाशक, बियाण्याला लावायचे औषध, उंदीर-झुरळांचे औषध, जनावरांच्या गोचिडांचे औषध यांतले घरात काय आहे? शेतावरच्या खोलीत काय आहे? फवारणीच्या पंपात उरलेले काही? दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवलेले काही? गोळ्यांबाबत फक्त रुग्णाच्या गोळ्या विचारू नका. आजीच्या, आईच्या, पाहुण्याने विसरलेल्या, मागच्या आजारपणातल्या उरलेल्या, पर्समधल्या, गाडीच्या डिकीतल्या, आणि फ्रीजमध्ये ठेवायच्या औषधांबद्दलही विचारा.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका कल्पित उदाहरणावरून पाहू. तेवीस वर्षांचा तरुण, नैराश्य. फवारणीचे औषध पिण्याचा विचार आल्याचे त्याने एकट्याने बोलताना सांगितले आहे. दोन दिवस निरीक्षणाखाली राहून तो उद्या घरी जाणार आहे. घरी आई-वडील, आजी आणि धाकटी बहीण. वडील शेती करतात, फवारणी एरवी हाच मुलगा करतो.

वडिलांचे पहिले उत्तर: ‘घरात काही नाही, सगळं शेतावर असतं.’ बारीक विचारल्यावर यादी अशी निघते. शेतावरच्या खोलीत कीटकनाशकाच्या दोन सीलबंद बाटल्या आणि एक अर्धी. घराच्या मागच्या पडवीत तणनाशकाचा कॅन, तळाशी थोडेसे उरलेले, आणि शेजारी पंप. शेतावरच्या खोलीला कुलूप आहे, पण चावी घराच्या दारामागच्या खिळ्याला. आजीच्या रक्तदाबाच्या आणि झोपेच्या तीन महिन्यांच्या गोळ्या तिच्या उशाशी. स्वयंपाकघरात एका जुन्या डब्यात सुट्या गोळ्या, कशाच्या ते कुणालाच माहीत नाही.

कीटकनाशके: कुलूप लावणे हा दुसरा पर्याय आहे

नव्या समुपदेशकाच्या तोंडी पटकन ‘कुलूपबंद पेटीत ठेवा’ हेच येते. पण या सल्ल्याची मर्यादा नीट मोजली गेली आहे. श्रीलंकेतल्या १८० गावांत शेतकरी कुटुंबांना कीटकनाशकांसाठी कुलपाच्या पेट्या देऊन मोठी चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पेट्या दिलेल्या गावांत कीटकनाशकाने विषबाधा करून घेण्याचे प्रमाण कमी झाले नाही. ती चाचणी सर्वसाधारण गावकऱ्यांची होती, धोका माहीत असलेल्या एका रुग्णाच्या घराची नव्हती, त्यामुळे तिचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तरी घरोघरी घडते ते पाहिले तर कुलूप कुठे कमी पडते ते कळते: पेटी उघडी राहते, चावी सगळ्यांना माहीत असते, आणि शेतात दूर ठेवलेली बाटली ‘सुरक्षित’ ठेवण्याच्या नादात उलट घरात येते. हे शेवटचे कधीही होऊ देऊ नका. शेतावरची वस्तू घरी आणून कपाटात बंद करा, असा सल्ला देऊ नका.

क्रम असा ठेवा. सर्वांत चांगले म्हणजे वस्तू घरात आणि शेतावर दोन्हीकडे नसणे. सीलबंद माल विक्रेता परत घेतो का ते विचारा. ते जमत नसेल तर रुग्णाचे जाणे-येणे नसलेल्या दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाच्या कुलपात. तेही अशक्य असेल तरच रुग्ण राहतो त्या जागेपासून दूर कुलपात, चावी एकाच जबाबदार माणसाच्या अंगावर. लपवणे हा पर्याय यादीत धरूच नका. घरात वाढलेल्या माणसाला घरातल्या लपवायच्या सगळ्या जागा माहीत असतात.

आपल्या उदाहरणात वडिलांनी दवाखान्यातूनच काकांना फोन लावला. काकांचे गोदाम चार किलोमीटरवर आहे. सीलबंद बाटल्या विक्रेत्याकडे परत जातील, अर्धी बाटली आणि कॅन मूळ लेबलासह काकांच्या कुलपात, चावी काकांकडे. हे फोन तुमच्या समोरच होऊ द्या. ‘घरी गेल्यावर बघतो’ म्हणून सोडलेले काम बहुधा राहूनच जाते. आणि वस्तू हलवण्याचे काम रुग्ण घरी पोहोचण्यापूर्वी, आज संध्याकाळीच पूर्ण व्हायला हवे. रुग्णाला ते करायला किंवा सोबत यायला सांगू नका.

फवारणीची वेळ आली की घडी मोडते, म्हणून तिचाही विचार आत्ताच करा. पुढचे काही महिने मुलगा फवारणी करणार नाही, वडील करतील. त्या दिवशी लागेल तेवढेच काकांकडून आणायचे, उरलेले त्याच दिवशी परत. पंप धुऊन ठेवायचा. मुलगा नेहमीच्या दुकानातून खात्यावर माल आणत असेल, तर त्याच्या संमतीने दुकानदाराला एवढेच सांगायचे की काही दिवस माल फक्त वडिलांच्या हाती द्यावा. कारण सांगायची गरज नाही.

विल्हेवाटीत घाबरून केलेल्या चुका फार होतात. कीटकनाशक विहिरीत, ओढ्यात, गटारात ओतायचे नाही. जाळायचे नाही, पुरायचेही नाही. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवणे सर्वांत वाईट: लहान मूल चुकून पिते, आणि विषबाधा झालीच तर नेमके काय गेले हे डॉक्टरला कळत नाही. रिकाम्या बाटलीत उरलेले थेंबही धोक्याचे असतात. बाटली रिकामी झाली की चौथा हिस्सा पाणी भरून झाकण लावून अर्धा मिनिट हलवायची, ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतायचे. असे तीनदा करायचे आणि मग भोक पाडून ती पुन्हा वापरता येणार नाही अशी करायची. हातात हातमोजे हवेत, आणि हे काम रुग्णाने करायचे नाही. वापरायचे नाही असे जुने कीटकनाशक विक्रेत्याकडे किंवा स्थानिक संकलन व्यवस्थेकडे द्यावे, तोवर ते काकांच्याच कुलपात.

औषधे: पहिली जबाबदारी लिहून देणाऱ्याची

घरच्यांना कुलूप लावायला सांगण्यापूर्वी स्वतःचे प्रिस्क्रिप्शन पाहा. धोका जास्त असताना महिन्याची औषधे एकदम देऊ नका. सात दिवसांची द्या, पट्टीतली द्या, सुटी देऊ नका. लांबून येणाऱ्याला दर आठवड्याला येणे परवडत नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रातून किंवा औषध दुकानातून आठवड्याचा पुरवठा ठरवा. कोणते औषध निवडायचे हे ठरवताना जास्त मात्रेत ते किती धोक्याचे आहे हा विचार करा आणि शंका असेल तर औषधशास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्याशी बोला. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडूनही काही घेतो का हेही विचारा.

या मुलासाठी ठरले ते असे. सात दिवसांच्या गोळ्या आईकडे, कुलपाच्या छोट्या पेटीत. रोज रात्री जेवणानंतर आई एक गोळी हातात देईल, तो तिच्यासमोर पाण्याबरोबर घेईल. तोंड उघडून दाखव वगैरे काही नाही, फक्त थोडा वेळ सोबत बसायचे. आठवड्याच्या शेवटी पट्टीतल्या गोळ्या मोजायच्या. जास्त उरल्या तर तो गोळ्या घेत नाही, कमी भरल्या तर काढून साठवतो आहे, अशी शंका घेऊन त्याच दिवशी फोन करायचा. पण ‘गोळ्याच धोक्याच्या’ अशी घरच्यांची समजूत होऊन त्यांनी उपचार थांबवू नयेत, हे स्पष्ट सांगा. चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांत नैराश्यावरचे औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर पहिल्या आठवड्यांत बेचैनी, झोप उडणे, आत्महत्येचे विचार वाढणे यांवर विशेष लक्ष ठेवावे लागते. असे काही दिसले तर औषध स्वतःहून बंद न करता लगेच दवाखान्यात कळवायचे.

आजीचा प्रश्न जास्त अवघड असतो. तिला तिच्या गोळ्या वेळेवर मिळायलाच हव्यात आणि कुलूप उघडणे तिला जमत नाही. म्हणून तीन महिन्यांचा साठा काकांकडे, आठवड्यापुरत्या गोळ्या आईच्या पेटीत, आणि सकाळ-संध्याकाळ आई देईल. आजीला झोपेच्या गोळीची अजून गरज आहे का, हे तिच्या डॉक्टरांनी तपासावे. ती एकदम बंद करायची नाही. फ्रीजमध्ये ठेवायचे औषध घरात असेल तर फ्रीजमध्ये मावेल अशी कुलपाची लहान डबी घ्यावी.

जुन्या डब्यातल्या सुट्या गोळ्या औषध दुकान किंवा रुग्णालय परत घेत असेल तर तिथे द्याव्यात. नसेल तर माती किंवा वापरलेल्या चहापत्तीत मिसळून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाकाव्यात. पाकिटावर रुग्णाचे नाव असेल तर ते आधी खोडावे.

चावी कुणाकडे

सगळी योजना इथे टिकते किंवा मोडते. चावी सांभाळणारा माणूस रोज घरात असणारा, नशेत नसणारा आणि सध्या रुग्णाशी कडाक्याचे भांडण नसलेला हवा. त्याला स्वतःला मरणाचे विचार येत नाहीत ना, हेही विचारायचे. कर्जाने किंवा दुःखाने खचलेल्या घरात धोका फक्त एका माणसाला असतो असे नाही. ‘या काळात तुमचं स्वतःचं कसं चाललंय?’ या प्रश्नाने बोलायला सुरुवात होते आणि उत्तर काळजीचे वाटले तर त्यांनाही थेट विचारा.

चावी खिळ्याला, देव्हाऱ्यात, पिठाच्या डब्यात ठेवायची नाही. ती अंगावर हवी, किंवा आकड्यांचे कुलूप हवे ज्याचा क्रमांक जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर नाही. दुसरी चावी घराबाहेर. चावी सांभाळणारा गावाला गेला तर ती कुणाकडे जाईल, हेही कागदावर लिहा.

कागद आणि फोन

अर्ध्या पानावर लिहून एक प्रत घरच्यांना, एक केसपेपरला. उदाहरणातल्या कुटुंबाचा कागद असा होता: ‘आज संध्याकाळी सातपर्यंत वडील आणि काका बाटल्या व कॅन हलवतील. दुकानात बाटल्या परत: उद्या. पेटी आणि कुलूप: आज, आईकडे चावी. सुट्या गोळ्या: उद्या दुकानात. फवारणी: फक्त वडील. उद्या डिस्चार्जपूर्वी वडील फोनवर कळवतील.’ खाली वॉर्डचा आणि स्थानिक हेल्पलाइनचा क्रमांक, आणि पुढच्या भेटीची तारीख. आणखी एक ओळ: काही पोटात गेल्याची शंका आली तर माणूस बरा दिसत असला तरी लगेच रुग्णालयात आणायचे, उलटी करवायची नाही, अंगावर किंवा कपड्यांवर सांडले असेल तर कपडे काढून अंग धुवायचे, आणि बाटली किंवा पट्टी सोबत आणायची.

वडिलांकडून काम झाल्याचा निरोप आला नाही तर डिस्चार्ज थांबवा. रुग्णाचा इरादा अजून ठाम आहे, आणि घरचे साधन हलवू शकत नाहीत किंवा हलवायला तयार नाहीत, तर तो घरी जाण्यायोग्य नाही. हे वरिष्ठांशी बोला आणि केसपेपरवर लिहा. काय विचारले, घरच्यांपैकी कोण हजर होते, काय ठरले आणि काय झाले नाही, तेही लिहून ठेवा.

दोन दिवसांनी फोन करा. ‘सगळं ठीक ना?’ विचारले की ‘हो’ ऐकू येते. त्याऐवजी विचारा: ‘चावी आत्ता कुठे आहे? कॅन कुठे आहे? काल रात्रीची गोळी कुणी दिली?’ आपल्या उदाहरणात असा फोन केल्यावर कळले की बाटल्या गेल्या, पण पंप अजून पडवीत आहे आणि त्यात पाणी मिसळलेले तणनाशक शिल्लक आहे. आणि आजी कुलपाच्या कटकटीला कंटाळून सात दिवसांच्या गोळ्या रुमालात बांधून उशाशी ठेवते. पहिले काम वडिलांनी त्याच दुपारी केले: उरलेले द्रावण लेबलवर सांगितलेल्या ठिकाणीच शेतात फवारून संपवले आणि पंप धुऊन काकांकडे ठेवला. दुसऱ्यासाठी ठरले की आई सकाळच्या चहाबरोबर आणि रात्री झोपताना गोळी देईल, म्हणजे आजीला पेटी उघडायची वेळच येणार नाही. घरच्यांना दोष देऊ नका. अशा त्रुटी निघणारच, आणि फोन त्यासाठीच असतो.

सातव्या दिवशी पुन्हा, मग प्रत्येक भेटीत हेच प्रश्न. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे असतात, त्यात पहिला आठवडा अधिकच. त्यामुळे मुलगा आठवड्याभरात हसू-बोलू लागला म्हणून बाटल्या परत आणायच्या नाहीत. तीन महिन्यांनी तुम्ही, रुग्ण आणि घरचे एकत्र बसून एकेक गोष्ट सैल करायची का ते ठरवा: आधी त्याच्या गोळ्या त्याच्या हाती, तेही आठवड्याच्या. शेतीची औषधे सर्वांत शेवटी, आणि ती परत घरात आणण्याची गरजच आहे का, हे काका-वडिलांना विचारून.